बंद घरात कोणी राहता कामा नये

मागच्या खेपेला आम्ही घर बंद करून मुलाकडे बंगळुरूला गेलो होतो. उन्हाळाभर तिथली थंड हवा खाल्ली आणि पावसाळ्यात ग्वाल्हेरला परतलो. कंपू भागातल्या आमच्या फ्लॅटचं दार उघडलं, स्वयंपाकघरातला दिवा लावला, तर ओट्यावर झुरळांची सभा भरलेली. दिवा लागला की झुरळं पळतात म्हणे. ही पळाली नाहीत. एक-दोघांनी मिशा हलवून ‘कोण पाहिजे?’ अशा थाटात आमच्याकडे बघितलं. डब्यातल्या तांदळात सोंडे, रव्यात जाळी, आणि फ्रीजचं दार उघडल्यावर जो वास आला त्याचं वर्णन मी आजवर कुणाकडे केलेलं नाही.

पुढचे कित्येक दिवस मी घर घासत होते आणि ह्यांच्यावर डाफरत होते. ते म्हणत, “आता मी काय झुरळांना निमंत्रण दिलं होतं काय?” एका अर्थी दिलंच होतं. आपल्याकडची उन्हाळ्यातली गरम वाऱ्याची लू सुटली की न्हाणीघराच्या मोरीतल्या जाळीखालचं पाणी वाळून जातं. ते पाणी म्हणजे गटार आणि घर ह्यांच्यातलं दार. ते वाळलं की खालची मंडळी सरळ वर.

म्हणून ह्या वेळी, मुलीच्या बाळंतपणासाठी चैत्रात पुण्याला जायचं ठरलं तेव्हा मी जाहीर केलं, “घरात पोटाला काही मिळेल असा एक कण राहणार नाही. आणि बंद घरात कोणी राहता कामा नये. कोणीच.”

“म्हणजे मी पण नाही?” मामंजींनी विचारलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. वय पंच्याऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, साखर वाढलेली आणि ऐकू हवं तेवढंच येतं. त्यांचे पूर्वज दख्खनेतून मराठा फौजेबरोबर इकडे आले होते, त्यामुळे घरातल्या कुठल्याही कामात मामंजींना मोहिमेची भाषा लागते. ते अर्थात आमच्याबरोबर पुण्याला येणार होते. आपला देह मागे ठेवायचा त्यांचा विचार नव्हता, पण आपली ट्रंक मात्र होती तशी पलंगाखाली राहील, तिला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

मी कामाला लागले. आधी धान्य. जे संपेल ते खाल्लं, जे उरेल ते मोलकरणीला दिलं. त्या दिवसांत आमच्या घरी पोहे, उपमा, शेवया आणि डाळींची अशी मिश्रणं झाली की त्यांना नाव नाही. रोगण केलेल्या लाकडी कपाटांना भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, कारण वाळवी भिंतीतून येते आणि मागे हवा खेळत असली की निदान दिसते तरी. गरम कपडे उन्हात वाळवून डांबरगोळ्या घालून पेटीत. झुरळांसाठी माणूस बोलावला. त्याने बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रीजच्या मागे त्या चिकट औषधाचे ठिपके लावले आणि सांगितलं, “इसके ऊपर स्प्रे मत मारना, वरना कॉकरोच खाएगा ही नहीं.”

तो गेला, आणि पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून फुस्स असा आवाज आला. हे स्प्रेची बाटली घेऊन उभे.

“अहो!”

“जरा डबल केलं,” ते म्हणाले. “माझा काही त्या टूथपेस्टवर भरोसा नाही.”

तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी ठिपके पुसून, ओटा धुऊन ठेवला होता. त्याने ह्यांच्याकडे बघत पुन्हा ठिपके लावले, आणि स्प्रेची बाटली मी त्याच्याच हातात दिली आणि म्हटलं, भाऊ, ही घेऊन जा.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच, निघायच्या आदल्या आठवड्यात, गॅसच्या पाइपमागून काहीतरी सर्रकन गेलं. मला शंका आली, सिंकखालच्या लेंड्यांच्या काळ्या दाण्यांनी ती पक्की केली. उंदीर.

ह्यांनी त्याच संध्याकाळी विषाच्या वड्या आणल्या. “ठेवून देऊ, आपण जाऊ, तो खाईल, मरेल, संपलं.”

“कुठे मरेल?”

“कुठेतरी.”

“सोफ्यात मरेल. बंद घरात, मे महिन्यात. आणि आपण नवरात्रात येऊन दार उघडू.”

ह्यांनी डोळ्यांपुढे ते चित्र आणलं असावं, कारण वड्या मुकाट्याने पिशवीत गेल्या. उंदीर जिवंत पकडून बाहेर काढायचा आणि मगच कुलूप लावायचं, हे ठरलं. शेजारून पिंजरा आणला. त्यात पोळीचा तुकडा लावला. उंदराने ढुंकून बघितलं नाही. टोमॅटो लावला, तो वाळून गेला. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, चीज लगा दो ना, कार्टून में तो वही खाता है.” लावलं. त्याला मुंग्या आल्या, म्हणजे आता मुंग्या ही नवीन भानगड.

“ह्याला कुठेतरी चांगलं जेवण मिळतंय,” मी म्हटलं. “म्हणून तो आपल्या हातचं खात नाही.”

मामंजी पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

मी त्यांच्या खोलीत गेले, वाकले आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. मामंजी काठी टेकत आले. “त्यात काही नाही,” ते म्हणाले.

“मग बघायला काय हरकत?”

लोखंडी ट्रंक, पण मागचा कोपरा गंजून झडलेला. करंगळी जाईल एवढं भोक. उंदराला तेवढं पुरतं. मी झाकण उघडलं. वर त्यांचा जुना कोट, खाली गजकचे डबे. मुरेन्याची ती तीळगुळाची खुसखुशीत मिठाई. साखर वाढलेल्या माणसाने थंडीभर साठवलेली. एका डब्याचा कागद कुरतडून त्यातली अर्धी गजक फस्त झालेली.

“अर्धी मी खाल्ली,” मामंजी प्रामाणिकपणे म्हणाले. “सगळा आळ त्याच्यावर घालू नको.”

मला हसावं की भांडावं कळेना. गजकचा तुकडा पिंजऱ्यात लावला आणि पिंजरा ट्रंकेशेजारी ठेवला. आम्ही चहा घ्यायला बसलो तोच ‘खट्’ झालं. पिंजऱ्यात उंदीर होता, तपकिरी, डोळे काळे मण्यांसारखे, आणि तो गजक खात होता. पकडला गेलाय ह्याचं त्याला काही वाटत नव्हतं, आधी जेवण.

“बघ, गजकला विरोध करणारं घरात एकच माणूस आहे,” मामंजी म्हणाले.

मी ट्रंक रिकामी करू लागले. हातमोजे घातले, तोंडावर रुमाल बांधला, लेंड्यांवर आधी फिनाइलचं पाणी शिंपडलं. कोरडं झाडलं की ती धूळ नाकात जाते आणि आजार होतो. कोटाखाली मामंजींचा लोकरी मफलर होता. तो उचलणार, तोच त्यातून बारीक चीं चीं आली. मफलर कुरतडून, लोकर पिंजून त्याची वाटी केलेली, आणि वाटीत गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. बोटाच्या पेरापेक्षा लहान.

आम्ही तिघंही वाकलो. ज्यांनी वड्या आणल्या होत्या तेच पहिल्यांदा बोलले, “अगं, ही तर बाळंतीण आहे.”

“मग?” मी म्हटलं. खरं सांगायचं तर माझाही आवाज जरा खाली आला होता. पुण्यात माझी मुलगी दिवस मोजत होती, आणि इथे मी हातमोजे घालून कुणाचं तरी बाळंतपण उधळत होते. पण घर माझं होतं. उंदराला सहानुभूती दाखवली म्हणून तो भाडं भरत नाही.

“मारायचं नाही,” मामंजी म्हणाले. “शरण आलेल्याला मारत नाहीत.”

“शरण कुठे आली, पिंजऱ्यात आली.”

“तेच ते.”

शेवटी असं ठरलं. मफलर पिल्लांसकट पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा, खोक्याला भोक पाडायचं, आणि वस्तीपासून लांब, पडक्या भिंतीच्या आडोशाला नेऊन आईला त्याच्याशेजारी सोडायचं. हे स्कूटर काढायला गेले. मामंजी म्हणाले, मी येतो, मफलर माझा आहे. अडवून उपयोग नव्हता. ते मागे बसले, एका मांडीवर खोकं, हातात टॉवेलने झाकलेला पिंजरा.

खालच्या मजल्यावरच्या भाभी भाजी घेऊन येत होत्या. “अरे अंकलजी, टिफ़िन लेकर कहाँ चले?”

“जच्चा को मायके छोड़ने,” मामंजी म्हणाले, म्हणजे बाळंतिणीला माहेरी सोडायला. स्कूटर निघून गेली आणि भाभी माझ्याकडे वर बघत राहिल्या. मी गॅलरीतून आत सरकले.

तासाभराने दोघं परतले. आईला पिंजऱ्याचं दार उघडून सोडल्यावर ती सुसाट पळाली, मागे वळूनही बघितलं नाही. ते बराच वेळ लांब थांबले. मामंजींचं म्हणणं, ती परत आली, त्यांनी शेपूट खोक्यात शिरताना बघितलं. ह्यांचं म्हणणं, बाबांना मोतीबिंदू आहे. मी दोघांनाही हात धुवायला पाठवलं.

मग ट्रंक घासून उन्हात टाकली, गजक कचऱ्यात गेली. मामंजींनी तेवढा वेळ दुसरीकडे तोंड फिरवलं. उंदरीण आली कुठून ते शोधलं तर सिंकखाली पाइपभोवतीचं सिमेंट निघालेलं. तिथे भांडी घासायचा तारेचा काथ्या ठासून वरून सिमेंट लिंपलं. नुसतं सिमेंट उंदीर कुरतडतात, तारेवर दात चालत नाहीत. निघायच्या दिवशी सकाळी फ्रीज पुसून, कोरडा करून, दारात लाटणं अडकवून उघडा ठेवला. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, वर थोडं गोडं तेल, म्हणजे पाणी उडत नाही. जाळ्यांवर प्लास्टिक ठेवून चिकटपट्टी. कमोडचं झाकण बंद. शेवटी कचऱ्याचा डबा रिकामा करून उलटा घातला, गॅस बंद केला आणि दार ओढलं.

पुण्यात नात झाली. तिला बघून मामंजी पहिलं वाक्य म्हणाले ते असं, “हिचे पण डोळे मिटलेलेच आहेत.” मुलीला काही कळलं नाही.

नवरात्रात परत आलो. मी कुलूप उघडलं, आणि सवयीने श्वास रोखून उभी राहिले. घरात डांबरगोळ्यांचा आणि कोंडलेल्या हवेचा वास होता, बस. ओट्यावर बोट फिरवलं, धूळ. सिंकखाली काही नाही. फ्रीज स्वच्छ. झुरळं मिळाली ती चार, पाय वर करून. हे खोल्या-खोल्यांतून फिरले, बिजागऱ्या तपासल्या. चेहरा जरा उतरलेला वाटला. त्यांना लढाई हवी होती.

“पंखा लावू?” मी विचारलं.

“एसी लावतो, बाहेरून आलोय,” ते म्हणाले आणि रिमोट शोधू लागले.

मी बेडरूमचा पडदा सरकवला. खिडकीबाहेर एसीच्या बाहेरच्या खोक्यामागे काटक्या, पिसं आणि घाणीचा ढीग, त्यावर एक कबूतर अंडी उबवत फुगून बसलेलं. आतल्या सगळ्या वाटा आम्ही बुजवल्या होत्या. बाहेर बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“लावू नका,” मी म्हटलं.

मामंजी काठी टेकत खिडकीशी आले. मग म्हणाले, “पिल्लं उडेपर्यंत खिडकी उघडी ठेवू नका, नाहीतर ती आत येतील. आणि माझी खुर्ची इकडे ओढा.”

ह्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढायला गेले.