त्याच्या नावाची ओळ

बुलढाण्यात आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. औषधांच्या मात्रेचा फोल्डर नाजूक, म्हणून कोणत्या फोल्डरचा कोड कोणी तपासायचा हे लिहिलेल्या कोडओनर्स फाइलमध्ये त्याच्यापुढे माझ्या मित्राचं नाव होतं. तिथला प्रत्येक बदल तपासायला आपोआप त्याच्याकडे जाई. त्याच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नसे.

राजूर घाटातल्या अपघातात तो गेला. त्यानंतर मी त्या फोल्डरमध्ये पहिली दुरुस्ती पाठवली, तर पडद्यावर त्याचंच नाव आलं: तपासणी बाकी.

शेजारी बसणारी सहकारी म्हणाली, "नाव काढा लागते, भाऊ. नाहीतर हे अडकूनच राहीन. माह्यं टाका."

"माह्याच्यानं होत नाही."

शेवटी मीच ती ओळ बदलली, साहेबांनी मंजूर केली. पुढची दुरुस्ती थेट तिच्याकडे गेली, तेव्हा मी उठून बाहेर गेलो.