पेज लावून ठेवलेली साडी

आमच्या मुर्री गावच्या समाजमंदिरात आईच्या बचत गटाची बैठक होती. गटाने विकायला हातमागाच्या सुती साड्या आणल्या होत्या. त्या वर्षभर कशा सांभाळायच्या, हे मी सांगायचं ठरलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई सगळ्यांना तेच सांगत होती आणि मी हातातला कागद पुन्हा पुन्हा वाचत होते.

पावसाळा सरून तुळशीचं लग्नही झालं होतं, पण बाहेर अवकाळी पावसाचं आभाळ काळंच होतं. आत ओल्या भिंतींचा वास होता.

"पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात थोडं मीठ टाकून," मी सुरू केलं. "उन्हाळ्यात साडी सावलीत उलटी वाळवा, नाहीतर रंग उडतो. हिवाळ्यात अधूनमधून घडी मोडून हवा द्या आणि घडी दुसऱ्या जागी घाला."

"आमी धानात मरून राहिलो, अन् साडीले हवा देऊ?" मागून एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. मलाही धीर आला.

"पावसाळ्याआधी साडीची भाताची पेज, म्हणजे खळ, धुऊन काढा. पेज लावलेली साडी ठेवू नका."

आमच्या शेजारच्या काकूंचं हसू थांबलं.

"काऊन? पेजेनं त कडक राह्यते."

"नेसायच्या वेळी लावावी, काकू. ठेवलेल्या साडीतली पेज ओल धरते. बुरशी येते, कसर लागते. साडी पूर्ण वाळवून जुन्या सुती कापडात गुंडाळावी. पन्नीत, प्लास्टिकच्या पिशवीत, ओल कोंडते."

काकूंची आई विणकर होती. तिने शेवटची विणलेली साडी काकूंनी लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवली होती, आणि लग्न पुढच्याच आठवड्यात होतं. बैठकीतल्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं. आईने माझ्याकडे पाहिलं. पुढचं मी कसं बोलले, मला आठवत नाही.

बैठक संपताच काकूंनी माझा हात धरला. "चाल पोरी. पाहून दे."

वाटेत त्या एकच सांगत होत्या. "घर गळते ना. म्हणून पन्नीत बांधली. दाट पेज लावून, इस्त्री करून."

त्यांनी पेटी उघडली तेव्हा आंबूस वास आला. पन्नीला आतून बारीक थेंब चिकटले होते. गाठ मलाच सोडावी लागली. वरच्या घडीचा हिरवा रंग तसाच होता. क्षणभर वाटलं, वाचली. मी खालची घडी अलगद उचलली. ती दुसऱ्या घडीला चिकटली होती. आत काळे ठिपके दाट पसरले होते आणि घडीच्या रेघेवर सूत तुटून जाळी पडली होती.

"ओढू नका, काकू," मी म्हणाले. त्या ओढत नव्हत्याच. त्यांनी फक्त हात ठेवला होता.

"धुतलं त जाईल?"

"ठिपके थोडे फिके होतील. फाटलेलं..."

बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला. लेक अंगणातूनच ओरडली, "आई, साडी काढली का वो? पाहू दे ना!"

काकूंनी पेटीचं झाकण हळूच लावलं.

"येऊ नोको आत," त्या म्हणाल्या. "वाळून राहिली."