घाटाच्या कठड्यावरची लाईट

माझा नवरा भाद्रपदात गेला. जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि ताटावरच आडवा झाला. विजेचं काम करणारा माणूस गेला की लोक आधी विचारतात, शॉक लागला का? मी नाही म्हणून सांगत राहिले. चाळीस वर्षं त्याने लग्नांत, गणपतीत आणि देवळांवर लाईट लावली, पण त्याला कधी शॉक लागला नाही. त्याला सगळ्याची सवय होती, मरायची सोडून.

मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, बाहेर येऊ दे, आत ठेवू नको. आत काही असतं तर आलं असतं.

दिवाळीला दारात पणती लावली नाही. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, आमच्याकडे तशी रीत आहे. लाईटच्या माळा मागच्या खोलीत खुंट्यांवर होत्या तशाच राहिल्या. त्या माळा मीच सांभाळायचे. नवरा शिडीवर आणि मी खाली, असं आमचं काम. जोड तपासणं, बल्ब बदलणं, काम संपल्यावर पुसून गुंडाळणं, हे माझ्याकडे. मी चौथीपर्यंत शिकले, पण तार वाचता येते.

आमचं गाव तापीच्या काठावर आहे. घाटावर दत्ताचं देऊळ आहे आणि मार्गशीर्षात सात दिवस तिथे उत्सव असतो. देवळावर, समोरच्या निंबावर आणि पायऱ्यांच्या लोखंडी कठड्यावर लाईट लागते. ते काम आमच्याच घरात होतं. यंदा उत्सवाच्या आधी माझा धाकटा चुलत दीर आला. तो देवळाचा कारभार बघतो. ओट्यावर बसला, चहा घेतला, मग म्हणाला, "वहिनी, यंदा तुमी ऱ्हाऊ द्या. घरमा दुख शे. वरीस व्हवाबिगर देवळना कामले तुमना हात नको. मी बाहेरना मानूस सांगी दिना."

"बरं," मी म्हणाले.

"राग नका धरा."

"राग कसाना? चहा थंडा व्हई ऱ्हायना, पी ल्या."

बाहेरचा माणूस आला, एका दिवसात लाईट लावून मोकळा झाला. मी दारातून पाहिलं. निळी, हिरवी, भरपूर होती. सकाळी ऊन वर आलं तरी चालूच होती. उत्सवात देवळाची लाईट मध्येच विझली की गावात अपशकुन मानतात, म्हणून यंदा कोणी बंदच करत नसावं, असं मी समजले आणि दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात थंडी फार होती. नदीवरून धुकं यायचं, पत्र्यांवरून दव ठिबकायचं. याच दिराची बायको, म्हणजे माझी जाऊ, मार्गशीर्षभर पहाटे तापीवर अंघोळीला जाते. तिचं माझं फारसं जमत नाही. पण घाटावरून येताना माझं घर पहिलं लागतं आणि माझी चूल पेटलेली असते, म्हणून ती शेकायला येते. उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी उजाडायला ती ओल्या लुगड्यानं आली आणि हात चुलीपाशी धरून बसली.

"काय थंडी शे माय," ती म्हणाली. "कठडा धरना का हातले मुंग्या येतंस. कोपरलोग हात बधिर व्हई जास."

मी भाकरी थापत होते. विचारलं, "पानीमा उतरनी तव्हय येतंस का कठडा धरना तव्हय?"

"कठडा धरना तव्हय. सोडा का बंद. मीच नही, बठ्ठ्या बाया म्हनी ऱ्हायन्यात, लोखंड थंड शे म्हनी."

थंडीनं हात बधिर होतो तो हळूहळू होतो आणि हळूहळू जातो. धरलं की येतं आणि सोडलं की जातं, ते थंडीचं नाही. मी भाकरी तव्यावरून उतरवली आणि नवऱ्याचा टेस्टर घेतला.

"आते कोठे निघनी?" जाऊ म्हणाली. "देवळवर जाऊ नको. मानसं बोलतीन."

घाटावर अजून चार-पाच बाया होत्या. मी त्यांना कठड्यापासून लांब व्हायला सांगितलं. वहाण पायात ठेवूनच टेस्टर कठड्याला लावला, तर तो पेटला. मग नीट पाहिलं. माळा घरात लावायच्या, बारीक तारेच्या. जोड नुसत्या काळ्या पट्टीनं गुंडाळलेले. आणि कठड्याला त्या बांधल्या होत्या बारीक लोखंडी तारेनं, पक्कडीनं पीळ देऊन. ती तार माळेच्या प्लास्टिकमध्ये रुतली होती. वर रात्रभराचं दव. जोडणीची पाटी, म्हणजे प्लग खोचायचा बोर्ड, पायरीवर, पिशवीत गुंडाळून. पिशवीत वाटीभर पाणी साचलं होतं.

मी देवळाच्या मागच्या खोलीत गेले आणि मेन स्विच पाडला. सगळी लाईट एकदम गेली. फ्यूज काढून ओच्यात घातले आणि घाटावर येऊन पायरीवर बसले.

लोक जमायला वेळ लागला नाही. दीर धावत आला, लाईटवाला माणूसही आला, तो देवळातच झोपत होता. मागून जाऊ आली. तीच आधी बोलली, "तुन्हं घर अंधारमा शे, म्हनीसन आमना देव बी अंधारमा टाकना का?"

मी लाईटवाल्याला विचारलं, "करंट गळना का पडस तो स्विच कोठे शे? मन्हा मालकनी बसाडेल व्हता."

"आजीबाई," तो दिराकडे बघत म्हणाला, "तो दवमुळे सारखा पडे. रोज पहाटे लाईट जाये. भाऊ म्हनेत, विझाले नको. मंग तो काढीसन डायरेक देई दिनं."

"तो पडे ते कसाले पडे, इचार कया का तू?"

दीर म्हणाला, "वहिनी, फ्यूज द्या. लोकं देखी ऱ्हायनात."

मी फ्यूज लाईटवाल्याच्या हातात दिले. "लाव. चालू कर. कोनी कठडाजोडे जाऊ नका." लाईट लागली. मी दिराला म्हणाले, "पाय धुई या नदीवर. वहाना काढा. मंग वल्ला हात कठडाले लावा."

दीर कठड्याकडे बघत उभा राहिला. पुढे झाला नाही. लाईटवालाही झाला नाही.

"तुमना हात लागत नही," मी म्हणाले, "मंग बायासना कसाले?"

टेस्टरबरोबर मी नवऱ्याचा झीरोचा बल्बही आणला होता, होल्डरला दोन वायरी जोडलेला. लाईटवाल्याला म्हणाले, एक टोक कठड्याला लाव, दुसरं न्यूट्रलला. त्याने लावलं. बल्बमधली तार लाल झाली. उजेड पडण्याइतकी नाही, पण सगळ्यांना दिसली. जाऊनं आपला उजवा हात पदरात घेतला.

दिराने स्वतः जाऊन मेन पाडला.

सगळ्या माळा काढल्या. मग दीर म्हणाला, आता सात दिवसांतले चार उरलेत, नंदुरबारहून माल येईपर्यंत दोन जातील. मी म्हणाले, माल माझ्या घरात खुंटीवर आहे. तो घुटमळला. म्हणाला, वर्षाच्या आतलं दुखाचं घर.

"दुख माले शे," मी म्हणाले. "वायरले नही."

दुपारपर्यंत माळा उन्हात टाकल्या. थंडीत वायर कडक होते, तशीच वाकवली तर चिरते. या माळा बाहेरच्या कामाच्या, पाकिटावर आयपी पासष्ट लिहिलेल्या. म्हणजे धूळ आत जात नाही, पाणी उडालं तरी चालतं. बुडवलेली मात्र चालत नाही. देवळापासून कठड्यापर्यंत जाड काळी रबराची केबल, आत तीन तारा, तिसरी अर्थिंगची. मी देवळाच्या पायरीवर चढले नाही. खालून सांगत राहिले आणि लाईटवाला करत राहिला. माणूस वाईट नव्हता. घाई करणारा होता.

कठड्याला आधी बांबूच्या पट्ट्या बांधायला लावल्या आणि माळा त्या पट्ट्यांवर, प्लास्टिकच्या क्लिपांत. माळ कुठेही लोखंडाला टेकू दिली नाही. जोडांना झाकणं होती, त्यांची तोंडं जमिनीकडे. केबल जोडणीच्या पाटीच्या डब्यात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवला, म्हणजे दव केबलवरून येतं ते झोळावरून गळतं, आत जात नाही. पाटी पायरीवरून उचलून त्या डब्यात घातली आणि डबा छपराखाली खांबाला ठोकला. निंबाकडे जाणारी माळ त्याने ताणून बांधली होती, ती सोडायला लावली. "झाड हालस," मी म्हणाले. "आधी नुसता दोर बांध, त्यावर माळ टाक. वजन दोरले येवाले पाहिजे." शेवटी करंट गळाला की पडणारा तो स्विच परत बसवला आणि त्याचं बटण दाबून बघितलं. पडला. कठड्याला टेस्टर लावला. पेटला नाही.

मग टायमर. गोल चकतीचा, कडेनं बारीक दाते. जेवढे दाते दाबाल तेवढा वेळ लाईट चालते. माझा नवरा संध्याकाळी सहाला चालू आणि पहाटे चारला बंद असं लावायचा. चारनंतर दव जास्त पडतं आणि बाया अंघोळीला येतात. माळ कितीही चांगली असली तरी त्या वेळेला तिच्यात करंट नको, असं तो म्हणायचा. दीर म्हणाला, यंदा हे असं झाल्यावर लोक विझली म्हणतील.

"विझनी नही, बंद कयी," मी म्हणाले. "आरती व्हयनी का देव बी झोपस."

त्या टायमरची एक खोड आहे. गावातली वीज गेली की चकती थांबते. दोन तास वीज गेली तर लाईट चारला नाही, सहाला बंद होते. म्हणजे बाया पाण्यात आणि करंट कठड्यावर. म्हणून रोज संध्याकाळी कोणीतरी घड्याळ बघून चकती फिरवून द्यावी लागते, आणि रात्री वीज गेली तर परत. मी लाईटवाल्याला दोनदा समजावलं. तो हो म्हणाला. पण हो त्याने स्विचबद्दलही म्हटलं असतं, म्हणून मीच जात राहिले. देवळाच्या मागच्या खोलीला मागून दार आहे, देवासमोरून जावं लागत नाही. कोणी काही बोललं नाही. निदान माझ्यासमोर नाही.

पौर्णिमेच्या आधल्या रात्री जेवणानंतर वीज गेली, ती दोन तासांनी आली. मी कांबळं घेऊन गेले, चकती बरोबर केली आणि घरी येऊन पडले. झोप तशीही लागत नव्हती. पहाटे घाटावर गेले तेव्हा लाईट बंद होती. धुक्यात पाणी दिसत नव्हतं. मी टेस्टर लावून बघितला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिले.

बाया आल्या. सगळ्या पायरीच्या मधोमध, एकमेकींचा पदर धरून उतरत होत्या. त्या दिवसापासून कठड्याला कोणी हात लावत नव्हतं. आता भीती नाही असं मी सांगितलं होतं, तरी नाही. जाऊ सगळ्यांत पुढे होती. चौथ्या पायरीवर शेवाळ होतं, तिचा पाय सरकला आणि तिने दोन्ही हातांनी कठडा पकडला.

ती तशीच उभी राहिली. हात सोडले नाहीत, खाली बघितलं, मग माझ्याकडे. मी पण बघत होते. बाकीच्या बाया जागच्या जागी थांबल्या. बराच वेळ गेला असं वाटलं, गेला नसेल.

"उतर आते," मी म्हणाले. "माघून बाया थंडीमा उभ्या शेत."

ती कठडा धरूनच खाली उतरली.