माकड की भाकड

कोल्हापूरहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत दोन कपड्यांचे जोड, एक भिंग आणि एका माकडाविषयी लिहिलेलं आख्खं प्रकरण होतं. प्रकरण मार्गदर्शक सरांना आवडलं होतं. लोणावळ्याहून एका पानाचा फोटो फोनवर आला नसता, तर प्रबंध बांधणीला गेलाही असता.

माझा विषय मावळातल्या एका सिद्धपुरुषाच्या ओवीबद्ध पोथीचा. पुण्यातल्या एका संग्रहात तिची हस्तलिखित प्रत आहे. तिला मी ‘क’ म्हणत होते. तिच्यात सिद्ध एका गावी येतो आणि चमत्कार होतो:

सिद्धें कृपादृष्टी पाहिली । हस्तें पाठ कुरवाळिली ।
माकड दुधा आलें । अकस्मात ॥

रानातलं माकड सिद्धाजवळ दुधासाठी येतं आणि तो त्याची पाठ कुरवाळतो. या एका ओवीवरून मी मावळातल्या वानरपूजेपर्यंत पोचले होते. आणि लोणावळ्याच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, ‘भाकड दुधा आली’. म्हणजे दूध आटलेली गाय दूध देऊ लागली. जुन्या हस्ताक्षरात भ आणि म यांच्यात डावीकडच्या एका गाठीचाच काय तो फरक असतो. शाई जरा पसरली की ‘भा’चा ‘मा’ होतो. माझं प्रकरण त्या गाठीला लटकलं होतं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “घाबरू नकोस. कठीण पाठ तो मूळ पाठ. नकलणारा माणूस अवघड शब्दाचा सोपा करतो, सोप्याचा अवघड करत नाही. भाकड गाय कुणालाही सुचेल, माकड सुचेल का?” मला धीर आला. शिवाय नाणे मावळातल्या एका गावात तिसरी प्रत होती आणि तिथे दरवर्षी माकडांना दूध ठेवतात असं ऐकलं होतं. आधी तिथे जायचं आणि मग लोणावळ्याला, असं ठरवलं.

पुण्याहून लोणावळ्याच्या गाडीत बसले. देहूरोड मागे पडल्यावर इमारती विरळ झाल्या आणि डोंगर दिसू लागले. कामशेतला उतरून वडापच्या (माणसं भरून निघणाऱ्या खासगी जीपच्या) मागच्या बाकावर जागा मिळवली. भातकापणी उरकली होती. खाचरांमध्ये (बांध घातलेल्या भातशेतांत) नुसते सड उरले होते आणि जागोजाग उडव्या (भाताच्या पेंढ्यांच्या राशी) रचलेल्या. साऱ्या वाटेवर नव्या भाताचा वास होता.

गावाचं नाव आबांच्या सांगण्यावरून लिहीत नाही. “नाव छापलंस की रविवारी मोटारी घेऊन येत्यात आन् बाटल्या टाकून जात्यात,” असं ते म्हणाले. आबा म्हणजे पोथी ज्यांच्या घरी आहे ते. उंच, सडपातळ, टोपी कधीही न काढणारे शेतकरी. प्रतींचा घोळ मी त्यांना फोनवर सांगितला होता. मी आले तशी त्यांनी हातपाय धुतले, पोथी पाटावर ठेवली आणि विचारलं, “लोनावळ्याची पोथी काय म्हनती?”

“गाय म्हणते.”

“आन् पुन्याची?”

“माकड.”

आबांनी पोथी सोडून ओवी काढली आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. माकड. मी भिंगातून पाहिलं. शंकाच नव्हती.

“दोन इरुद्ध एक,” आबा म्हणाले. “झाला की निकाल.”

मी इतकी खूश झाले की मावशींनी वाढलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी भराभर संपवली. मावशी म्हणजे आबांची बायको. माकडांचा विषय निघाला की त्या भांडी जोरात ठेवायच्या. “देव असतील तुमचे. कौलं कोन चढवतंय? मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्सव होता. आबांनी देवळासमोर ओव्या वाचल्या आणि दुधानं भरलेली परात पायरीवर ठेवली. हा मान त्यांच्या घराण्याचा. माकडं आली. पुढच्यानं परातीत नाक घातलं, शिंकलं आणि एका बाईच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी ओढून पिंपळावर गेलं. बाकीची त्याच्यामागे गेली. दूध शेवटी एका मांजरानं प्यायलं. मी वहीत लिहिलं, ‘वानरांची उपस्थिती लक्षणीय.’ मांजराबद्दल लिहिलं नाही.

दुपारी मी आबांची प्रत, म्हणजे माझी ‘ख’, पुण्याच्या प्रतीच्या छायाचित्रांशी शब्दाला शब्द लावून पाहत बसले. दोन्ही फार जुळत होत्या. एका ठिकाणी दोघींनीही ‘नदी’ऐवजी ‘नंदी’ लिहून सिद्धाला नंदीतून पलीकडे नेलं होतं. मला हसू आलं, आणि लगेच मी ती ओळ पुन्हा वाचली. योग्य शब्द दोन नकलकारांना आपापला सुचू शकतो. पण अशी चूक? दोघंही ती कुठल्या तरी एकाच, आता हरवलेल्या प्रतीवरून उचलत असणार. तसं असेल तर या दोन साक्षी नव्हेत. एकच साक्ष, दोनदा बोललेली.

हे मी आबांना सांगितलं. त्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली.

“म्हंजी आमचं मत मोजायचं न्हाई?”

“मोजायचं. पण पुण्याचं आणि तुमचं मिळून एक.”

“मग म्या येतो लोनावळ्याला,” आबा म्हणाले. “आमच्या पोथीच्या वतीनं कोनी बोलाया नको का?”

लोणावळ्यात आम्ही उतरलो तेव्हा भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग होती. धरणाच्या पायऱ्यांवरून या दिवसांत पाणी वाहत नाही, तरी माणसं येतात आणि कोरड्या पायऱ्यांसमोर फोटो काढतात. आबांनी छातीशी पोथी धरली होती. चिक्कीच्या दुकानदारानं नमुन्याचा तुकडा पुढे केला, तर आबा म्हणाले, “आधी काम,” आणि तुकडा खिशात टाकला.

लोणावळ्याच्या प्रतीच्या मालकीण सुमनताई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वडिलांनी ही पोथी रद्दीवाल्याकडून वाचवली होती. बैठकीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि पोथी काचेच्या कपाटात मऊ कापडात. “आमच्या घरी चमत्कारांवर कुणाचा विश्वास नाही,” त्या चहा ओतत म्हणाल्या. “पण वडील म्हणायचे, ज्यानं एवढं सुबक लिहिलंय त्याचे कष्ट किलोवर विकायचे नाहीत.”

“अक्षर सुरेख हाय,” आबांनी मान्य केलं. “गाय तेवढी चुकलीय.”

टेबलावर दोन्ही पोथ्या शेजारी शेजारी ठेवल्या. आबांनी आधीची ओवी मोठ्यानं वाचली. शेवट होता ‘तये वेळीं’. आबा पुढच्या, चमत्काराच्या ओवीवर गेले. मी मात्र सुमनताईंच्या पानावर थांबले. तिथे मध्ये, फोटोत न आलेल्या आदल्या पानाच्या तळाशी, आणखी एक ओवी होती:

दुर्बळाचे गोठां गाय बांधिली । बहुत काळ वांझ राहिली ।
कांस आटोनि गेली । तये वेळीं ॥

तिचाही शेवट ‘तये वेळीं’. कसं घडलं असेल ते समोर दिसलं. जुन्या नकलकारानं पहिलं ‘तये वेळीं’ लिहिलं, पुढचं पाहायला मान वर केली, आणि नजर खालच्या ‘तये वेळीं’वर पडली. मधली ओवी आख्खी सुटली आणि तिच्याबरोबर गोठा आणि गायही गेली. मग पुढे नुसतं ‘भाकड’ उरलं. कोण भाकड? काही कळेना. ‘भ’ची गाठ पुसट असली, तर पुढच्या माणसानं माकड वाचलं यात नवल नाही.

“आबा, पाहिली, कुरवाळिली, त्यापुढे काय यायला हवं? ओवीचे पहिले तीन चरण जुळतात ना?”

“आली,” आबा म्हणाले, आणि थांबले. त्यांच्या पोथीत ‘आलें’ होतं. माकड आली म्हणता येत नाही, म्हणून कुणीतरी क्रियापद दुरुस्त केलं होतं आणि यमक मोडलं होतं. मी वर्षभर ती ओवी वाचत होते. यमक कानाला खटकलं होतं, पण मला माकड हवं होतं.

आबा सहज हार मानणारे नव्हते. “ही गाईची ओवी मागनं कोनी घुसडली नसंल कशावरनं?”

प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या पोथीतल्या त्या अध्यायाचा शेवट दाखवला. तिथे लिहिणाऱ्यानं ओव्यांची एकूण संख्या दिली होती. ओव्यांना आकडे नव्हते, त्यामुळे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. पुण्याच्या प्रतीत एक ओवी कमी भरते हे मला ठाऊक होतं. नकलकाराचं गणित कच्चं, असं म्हणून मी ते तळटीपेत टाकलं होतं.

आबांनी चष्मा पुसला आणि बोटांची पेरं धरून मोजायला घेतलं. सुमनताईंनी पंखा बंद केला, पानं उडू नयेत म्हणून. चहा गार झाला. आबांनी शेवटच्या ओवीवर बोट ठेवलं, पहिलं पान काढलं आणि पुन्हा मोजलं.

“एक कमी हाय,” ते म्हणाले.

मला माझ्या प्रकरणाचं वाईट वाटत होतं, पण त्याहून अधिक त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. घराण्याच्या कितीतरी पिढ्यांनी ती परात उचलली होती.

“म्हंजी ही ओवी आमची बी हाय,” सुमनताईंच्या पानाकडे वळून ते म्हणाले. “हरवलेली.”

“तुमचीच आहे,” सुमनताई म्हणाल्या. त्यांनी एक कोरा कागद आणला आणि वडिलांचं जुनं शाईचं पेन. “घ्या, उतरवून घ्या.”

आबा एकेक अक्षर लिहीत गेले. भ आला तेव्हा त्यांनी त्याची गाठ दोनदा गिरवली. लिहून झाल्यावर कागद पोथीत, नेमक्या जागी सरकवला.

“आणि दुधाचं काय करणार?” मी विचारलं.

“दूध गाईचंच हुतं की,” आबा म्हणाले. “ते कुटं चुकलंय?” मग खिशातली चिक्की काढून त्यांनी तिचे तीन तुकडे केले.

आबांना कामशेतच्या गाडीत बसवून मी पुण्याची एसटी धरली. द्रुतगती मार्गावर उर्सेच्या टोलनाक्यापाशी गाडी थांबली तेव्हा सरांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते ‘हं, हं’ करत ऐकत होते. मग म्हणाले, “चुकीचा पाठ अवघड दिसला म्हणून तो ‘कठीण पाठ’ ठरत नाही, हे मी तुला सांगायला हवं होतं.”

“प्रकरणाचं काय करू?”

“माकड मूळ पोथीत नव्हतं. पण पायरीवर दूध ठेवतात ते खरंच ना? ते कसं आलं, ते लिही.”

घरी येऊन मी पुन्हा लिहायला बसले. आता प्रकरण एका सुटलेल्या ओवीपासून सुरू होतं आणि परातीपाशी येऊन थांबतं. या वेळी मांजरही त्यात आहे. मावशींचा फोन आला होता. पुढच्या उत्सवाला पहिली परात गोठ्यात न्यायचं आणि माकडांना शेंगदाणे द्यायचे असं ठरतंय म्हणे. कौलांबद्दल काहीच ठरलेलं नाही.

प्रबंधात ओवी छापली आहे ती अशी: मुख्य पाठात ‘भाकड दुधा आली’, आणि पानाच्या तळाशी, बारीक टायपात, ‘माकड: क, ख’. मुद्रितं तपासताना माझी नजर गाईवरून घसरून दर वेळी त्या तळाच्या ओळीवर जाते. तिच्याबरोबर मी वर्षभर राहिले होते.