पाचव्या घरातली जोडी

मेढ्याहून तासगावला जायला मानसिंग हवालदारांना दोन गाड्या बदलाव्या लागत, आणि दुसऱ्या गाडीतून उतरताना उजवा गुडघा हमखास आखडायचा. यंदा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की एवढा प्रवास आता बंद. तरी ते निघालेच. बायकोनं, भामाबाईंनी, डबा भरून दिला आणि दारात उभं राहून म्हणाल्या, "एवढं दुखतंय तर अक्कास्नीच बोलवा की इकडं. त्या काय न्हाई म्हणणार हायत?"

"न्हाई म्हणणार न्हाईत, म्हणूनच बोलवायचं न्हाई," मानसिंग म्हणाले. "हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या दारात जायचं, असं ठरलंय आमचं."

"मग जिंका की एकदा."

मानसिंग डबा पिशवीत टाकून पायरी उतरले.

लष्करात असताना मानसिंग शांतिसेनेबरोबर लेबनॉनला गेले होते. तिथं छावणीजवळच्या एका किराणावाल्यानं त्यांना बॅकगॅमन हा फासे-सोंगट्यांचा खेळ शिकवला. निवृत्तीनंतर ते तासगावात पद्मावती शहांच्या, म्हणजे अक्कांच्या, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर सुरक्षारक्षकांचे मुकादम झाले, आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिसात तसाच पट दिसला. दुबईचा एक इराणी खरेदीदार तो अक्कांना भेट देऊन गेला होता आणि जाताना खेळही शिकवून गेला होता. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की दोघं पट मांडून बसत. नोकरी सोडून मानसिंग गावी परतल्यावर हरणाऱ्यानं यायचा नियम अक्कांनीच काढला, आणि त्या दिवसापासून मानसिंग एकदाही जिंकले नव्हते. मेढ्यात त्यांनी ओटा नवा करून घेतला होता, दोन खुर्च्या आणल्या होत्या. एका खुर्चीवर अजून कुणी बसलं नव्हतं. आज हरलो तर नियमानं पुन्हा तासगावलाच यायचं, आणि या गुडघ्यानं ते होणार नाही, हे त्यांना गाडीतच कळून चुकलं होतं.

ऑफिसात बेदाण्याचा गोड आंबूस वास भरून राहिला होता. अक्कांनी त्यांना लंगडताना पाहिलं. खुर्ची पुढं सरकवली आणि चहा मागवला.

"बसा हवालदार. घाई न्हाई ना आज? का परत सुट्टीची गाडी चुकंल म्हणून पळणार?"

हा टोमणा जुना होता, आणि खराही. पटावर चोवीस घरं असतात. दोघं एकमेकांच्या उलट दिशेनं जातात, आणि पंधराच्या पंधरा सोंगट्या आपल्या कोपऱ्यातल्या सहा घरांत आणून पटाबाहेर काढायच्या असतात. एकटी सापडलेली सोंगटी मारता येते. मारलेली सोंगटी पुन्हा अगदी सुरुवातीपासून आत घ्यावी लागते. एकाच घरात बसलेल्या जोडीला मात्र कुणी हात लावू शकत नाही. शत्रूच्या कोपऱ्यात अशी जोडी बसवली की तिला अँकर म्हणतात. मानसिंग अँकर छान बसवायचे. पण शर्यतीत मागं पडलो असं दिसलं की मागची जोडी उचलून ते घराकडं धावत सुटायचे. सीमेवर वर्षानुवर्षं सुट्टीची वाट बघितलेल्या माणसाची ती खोड होती. एकदा दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या की मारामारी संपते. मग उरते नुसती शर्यत, आणि शर्यतीत जो पुढं असतो तोच बहुधा जिंकतो.

डाव मध्यावर आला तसं आजचंही चित्र तेच झालं. अक्कांच्या कोपऱ्यात, त्यांच्या पाचव्या घरात, मानसिंगांची जोडी होती. पटाच्या मधोमध अक्कांच्या दोन सोंगट्या अजून मागं राहिल्या होत्या, आणि घरी जायला त्यांना त्या जोडीसमोरूनच जावं लागणार होतं. बाकी सगळं अक्कांचं आटोपत आलं होतं.

मानसिंगांनी फासे टाकले. पाच-पाच पडले.

"घ्या, पळायचं तिकीटच मिळालं," अक्का म्हणाल्या.

दोन्ही फाशांवर सारखा आकडा, म्हणजे जोड, पडली की चार खेळ्या मिळतात. मागची जोडी दहा-दहा घरं पुढं आणून कोपऱ्याबाहेर काढता येत होती. मानसिंगांचा हात जोडीकडं गेलाही. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि मोजायला लागले. सगळ्या सोंगट्या मिळून अक्कांना घरी पोचून बाहेर पडायला नव्वद घरं चालायची होती. आपल्याला एकशे बत्तीस. आत्ताची वीस वजा केली तरी एकशे बारा उरतात. म्हणजे पळूनही बावीसनं मागंच, आणि वर खेळी अक्कांची.

'एवढी मोठी जोड पडूनसुद्धा आपण गाठत न्हाई,' त्यांनी मनाशी म्हटलं. 'पळालो तर हार सरळ समोर दिसतीया. थांबलो तरी बहुतेक हारच, पण अक्कांना समोरून जावं तर लागंल.'

थांबायचं तर ते पाच-पाच दुसरीकडं खेळायला हवेत, आणि त्यासाठी आपलाच कोपरा मोडायला लागू नये. त्यांनी पट पुन्हा पाहिला. त्यांच्या स्वतःच्या मधल्या दोन सोंगट्या बरोबर दहा-दहा घरं चालून तिसऱ्या घरात जोडीनं बसत होत्या. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं अशी सलग चार घरं बंद होणार होती. त्यांनी त्या दोन उचलल्या. मागच्या जोडीला हात लावला नाही.

अक्कांनी चष्मा नाकावर सरकवला. "आज मुक्काम वाटतं."

"बघू की."

"गाडीचं काय?"

"गाड्या येत्यात जात्यात, अक्का. तुमी टाका."

अक्कांना सहा-तीन पडले. त्या बराच वेळ पटाकडं बघत राहिल्या. कुठूनही खेळलं तरी एक सोंगटी उघडी पडतच होती. शेवटी त्यांनी मधल्या दोघींतली एक घरी आणली आणि दुसरी होती तिथंच एकटी ठेवली. मानसिंगांच्या जोडीपासून ती आठ घरं लांब होती.

"लांब हाय," त्या म्हणाल्या. "फासे छत्तीस तऱ्हांनी पडत्यात, त्यात सहाच तुमच्या."

"सहा हायत ना पण."

त्यांनी फासे मुठीत हलवले. जोडी काढून नेली असती तर ही मूठ नुसतीच चालण्यासाठी हलली असती, एवढं त्यांना जाणवलं. फासे पटावर घरंगळले. पाच आणि तीन.

मानसिंगांनी जोडीतली एक सोंगटी आधी पाच, मग तीन घरं नेली आणि अक्कांची सोंगटी उचलून मधल्या पट्टीवर ठेवली. आता अक्कांना मानसिंगांच्या कोपऱ्यातून आत यायचं होतं, आणि तिथं सहातली चार घरं बंद होती. एक किंवा दोन पडला तरच वाट. त्यांना सहा-चार पडले.

अक्का खुर्चीत मागं टेकल्या. "न्हाई शिरता येत."

"न्हाई येत."

डाव तिथंच संपला नाही. मागं राहिलेली मानसिंगांची एकटी सोंगटी अजून उघडी होती, आणि ती बाहेर निघेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. अक्का दोन खेळ्यांनी आत शिरल्या, पण आठवं घर आधीपासूनच बंद होतं, आणि तोवर मानसिंगांनी सातवंही बंद केलं होतं. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सलग सहा घरांची भिंत झाली, आणि एका सोंगटीला सहा घरांची भिंत ओलांडता येत नाही. भिंतीआड अडकलेल्या सोंगटीपायी अक्कांना घरच्या जोड्या एकेक करून मोडाव्या लागल्या. मानसिंगांची शेवटची सोंगटी पटाबाहेर पडली तेव्हा अक्कांच्या चार उरल्या होत्या.

बाहेर ट्रॅक्टरवरून बेदाण्याची खोकी उतरत होती.

"मला वाटलं होतं तुमी पळणार," अक्का म्हणाल्या. "सहा-तीन पडले तर काय खेळायचं, ते मी ठरवूनच ठेवलं नव्हतं."

"मला बी वाटलं होतं, मी पळणार."

अक्का मोठ्यानं हसल्या. मग फासे डबीत टाकत त्यांनी विचारलं, "साताऱ्यातनं मेढ्याला गाडी कवा सुटती हो? आन् घाटात मला गरगरतं, पुढची जागा मिळंल का?"

"कंडक्टर गावातलाच हाय," मानसिंग म्हणाले, आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवून त्यांनी भामाबाईंना फोन लावला.