झिलूचे आठ ठोकळे

"एका अक्षराचा एकच ठोकळा एकदम दोन जागी कसा बसंल गे? रूळ काय तुझ्या माहेरचा हाय?"

"मग 'नाग' तरी घ्या की. ना हाय, ग हाय. दोन येगळे ठोकळे हायत."

"दोन डब्यांची गाडी सुटत न्हाई, पुतळे. कमीत कमी तीन. तसंच छापलंय मासिकात."

पुतळीनं आमटीची वाटी नवऱ्यापुढं जरा जोरातच आदळली. "साप गेला तर जाऊ दे. खरं, ती हिरीतली बाई वर यायाच पायजे!"

झिलू गुंद गावचा. कॅसलरॉक स्टेशनात सांधेवाला, म्हणजे सांधे बदलून मालगाडीचे डबे या रुळावरून त्या रुळावर घालणारा. दोन इयत्ता शिकलेला. पण पुतळीला गोष्ट वाचून दाखवायची तर तेवढ्यावर भागत होतं. स्टेशनात सगळ्यांत मिळून एकच मासिक यायचं, बेळगावहून. मास्तरसाहेबांनी चाळलं की ते मालकारकून गुंडोपंतांच्या उशाखाली तीन आठवडे झोपायचं. झिलूच्या हाती येईस्तोवर पानं हळदीनं पिवळी, कधी अर्धीच. मागल्या खेपेला दर अंकात पुढं सरकणाऱ्या गोष्टीतली सून दोराला धरून विहिरीत लोंबत होती आणि पुढचं पानच नव्हतं. तेव्हापासून पुतळीनं नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं.

या महिन्यात मासिकात एक लांब शब्द आला: 'नगरवाचनालय'. त्यातल्या अक्षरांचे होतील तेवढे शब्द करा. शब्द तीन अक्षरांचा तरी हवा. अक्षर मुळात जितक्यांदा आहे तितक्यांदाच वापरा. काना-मात्रा बदलू नका. गावांची, माणसांची नावं नकोत.

"हे सांध्याचं लोखंड ओढण्याइतकं सोपं नाही रे, झिलू," गुंडोपंत मास्तरांसमोर म्हणाले.

"आण्णा, मी जास्त काढले तर?"

"तर वर्षभर मासिक आधी तुझ्या घरी. हरलास तर तुझी पाळीच बंद. मुदत शनिवारपर्यंत."

झिलूनं चाकाखाली घालायच्या लाकडी अडण्यांतनं आठ लहान ठोकळे निवडले आणि खडूनं एकेकावर एकेक अक्षर घातलं: न, ग, र, वा, च, ना, ल, य. मग काय, रोजचंच काम. न ला इंजिन करायचं, मागं ग जोडायचा आणि उरलेले सहा पाळीपाळीनं लावून बघायचे. 'नगर' निघालं. मग ग सोडून र जोडायचा. न संपला की इंजिन बदलायचं. तीन डब्यांच्या गाड्या झाल्या की मागं चौथा, पाचवा. कुठला डबा राहिला, कुठला दोनदा जोडला, असा घोळच नाही.

मंगळवारी बाजूच्या रुळावरच्या रिकाम्या वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, त्यानं 'लगन' लिहून ठेवलं, विसरू नये म्हणून. थोड्या वेळानं बघतो तर वाघिणींचे नंबर टिपत फिरणारे गुंडोपंत तिथंच थबकलेले, ओठ हलताहेत, पेन्सिल चाललीय.

'आसं व्हय?' झिलू मिशीत हसला.

दुसऱ्या दिवशी त्याच वाघिणीवर ठसठशीत चार शब्द होते: गगन, नयन, वानवा, चरचर. गुंडोपंतांनी नंबर टिपला, शब्द टिपले आणि इकडंतिकडं बघत निघून गेले. संध्याकाळी ती वाघीण ते चार शब्द अंगावर घेऊन घाटाखाली फिरंग्यांच्या गोव्यात उतरली. झिलूचे खरे शब्द मात्र पुतळीच्या डोक्यात होते. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं ती काही विसरतही नव्हती.

शनिवारी मास्तरांच्या टेबलावर निकाल. गुंडोपंतांचे बारा, झिलूचे दहा.

"नगर, नागर, रचना, वाचन, वाचनालय, वानर, चलन, लगन, रवाना, वायर," झिलूनं ठोकळे लावून एकेक दाखवला.

"वायर? ती इंग्रजी!" गुंडोपंत ओरडले.

"सकाळपासून पुढच्या स्टेशनांना चार वायरी केल्या आपण," मास्तर म्हणाले. "गुंडोपंत, तेव्हा तुम्ही मराठीत काय म्हणालात त्यांना?"

गुंडोपंतांनी आपला कागद पुढं सरकवला. "असू दे. तरी माझे दोन जास्त."

झिलूनं ठोकळे अदबीनं त्यांच्यापुढं सरकवले. "गगन तेवढा लावून दावा की, आण्णा."

गुंडोपंतांनी ग ठेवला. दुसरा ग टेबलावर शोधला, टेबलाखाली शोधला.

"बरं, नयन लावा. न एकच हाय हां. ना निराळा." मग वानवाला वा पुरेना. चरचर तर अर्ध्यातच थांबली.

"बारातले चार गेले. आठ," मास्तर म्हणाले. "अहो, हे शब्द आणलेत कुठून?"

आता वाघिणीवरनं आणले असं गुंडोपंत कुठल्या तोंडानं सांगणार? चष्मा पुसत बसले.

"आण्णा," झिलू म्हणाला, "तुमची पाळी माझ्यामागनं. हळद न्हाई लावायचो मी."

त्याच दिवशी बेळगावहून आलेलं नवं, कोरं मासिक घेऊन तो घराकडं आला तर पुतळी दारातच.

"आली काय वर?"

पायरीवर बसून झिलूनं बोट ठेवत एक ओळ लावली. "दोर... तुटला..."

"आगं बया! मग?"

लोंढा जंक्शनाकडनं मालगाडीची शिट्टी आली. झिलूनं पानात खडूचा तुकडा घातला, मासिक तिच्या ओटीत टाकलं आणि हिरवं निशाण काखेत मारलं.

"अवो, मेली का जगली तेवढं तरी सांगा!"

"लोंबू दे जरा. ही गाडी रवाना करून येतो," म्हणत तो सांध्याकडं पळाला.