मधेच थांबलेल्या रेषा

शिक्षक परिषदेत लावायच्या पोस्टरचा सारांश मीच लिहिला होता. चौथीच्या मुलांना रोज जोडीनं मोठ्यानं वाचायला लावलं, दर आठवड्याला वेग मोजला, बहुतेकांचं वाचन सुधारलं. मांडणीही सांगितली होती: मधोमध आलेख, प्रत्येक मुलाची एक रेषा, मजकूर थोडका, भोवती मोकळी जागा.

दौंडच्या फ्लेक्सवाल्यानं पोस्टर स्क्रीनवर दाखवलं आणि माझं डोकंच फिरलं. सगळ्याच रेषा शेवटपर्यंत चढल्या होत्या.

"तीन-चार मधीच तुटल्या व्हत्या मॅडम, जोडून टाकल्या," तो खुशीत म्हणाला.

"तुटल्या नव्हत्या हो! कुरकुंभच्या कारखान्यात आईवडलांचं कंत्राटी काम संपलं, ती मुलं शाळा सोडून गेली."

त्यानं जोडलेला भाग पुसला.

परिषदेत माझ्या ठळक निष्कर्षापाशी कुणी फारसं थांबलं नाही. एका वयस्कर गुरुजींनी मात्र थांबलेल्या रेषेच्या टोकावर बोट ठेवलं. "हे पोरगं आता कुठं वाचत असंल?"

सारांश मला तोंडपाठ होता. त्यात या मुलांवर एकच ओळ होती: 'काही विद्यार्थी मध्येच गळाले.'